काकांना पत्र: जळकी वायर आणि जिन्यातला लाल सिलिंडर

सुरुवात वासाने झाली. २ नोव्हेंबर, रविवार, सकाळचे साडेसात. मी चहा टाकत होते आणि स्वयंपाकघरात मासळीचा वास आला. आमच्या बिल्डिंगमध्ये सहा बिऱ्हाडं, त्यातली पाच शाकाहारी आणि सहावं दिवाळीपासून गावाला गेलेलं. मी खिडकी लावून घेतली, तरी वास जाईना. ओट्याच्या वरच्या पॉवर पॉइंटपाशी नाक नेलं तेव्हा कळलं. प्लेट हाताला गरम लागत होती आणि सॉकेटच्या उजव्या भोकाभोवती तपकिरी कडं उठलं होतं. बोर्डाचं प्लास्टिक तापलं की जळण्याआधी असा मासळीसारखा वास येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला असा वास आला तर शेजारच्यांच्या जेवणावर संशय घेऊ नका, आधी बोर्डांना हात लावून पाहा. हात कोरडा ठेवा आणि लावताना तळवा नाही, बोटांची पाठ लावा.

विचित्र गोष्ट अशी की त्या सॉकेटमध्ये काहीच लावलेलं नव्हतं. मिक्सर कपाटात, इंडक्शन बंद. तरी बोर्ड गरम.

घराबद्दल थोडं सांगते. पुण्यातल्या एका पेठेतली तीन मजली जुनी इमारत, सोसायटी वगैरे काही नाही, सगळी एकाच मालकांची. ते कोथरूडला राहतात. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. भाडं १४,५०० आणि नोंदणी केलेला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. घरात आम्ही दोघं, सातवीतला मुलगा आणि सासूबाई.

त्याच दिवशी काकांना फोन केला. त्यांनी नाही म्हटलं नाही, ‘आपला माणूस पाठवतो’ म्हणाले. माणूस एका आठवड्याने, ९ तारखेला आला. दहा मिनिटांत सॉकेट बदललं, २५० रुपये घेतले (मीच दिले) आणि गेला. नवीन पांढरी प्लेट बघून मलाही बरं वाटलं. १९ तारखेला त्या पांढऱ्या प्लेटवर पुन्हा तेच तपकिरी कडं होतं.

मग मी जरा जागी झाले. वीज कंपनीच्या १९१२ या नंबरवर तक्रार नोंदवली. संध्याकाळी लाइनमन आले, मीटरपाशी न्यूट्रल वगैरे तपासलं आणि नीट समजावून सांगितलं की मीटरपर्यंत त्यांचं, मीटरच्या पुढचं मालकाचं. बाहेर दोष नाही हे त्यांनी तोंडीच सांगितलं, पण तक्रार क्रमांक मी लिहून ठेवला. पुढे तो पत्रात वापरता आला.

त्या दोन-तीन दिवसांत मी एक साधं काम केलं, ज्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. मुलाच्या जुन्या वहीत नोंदी ठेवल्या: किती वाजता, काय चालू होतं, बोर्ड गार की कोमट की गरम. चौथ्या-पाचव्या नोंदीतच उत्तर दिसलं. बाथरूममधला गीझर चालू असला की स्वयंपाकघरातला बोर्ड तापायचा. दोन्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहेत.

२२ नोव्हेंबरला, शनिवारी, परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलावलं. तपासणीचे आणि लेखी टिपणाचे मिळून ८०० रुपये ठरले. फोनवरच सांगा की तुम्हाला दुरुस्ती नको, तपासणी आणि सही-शिक्क्याचं टिपण हवं आहे. नाहीतर मंडळी पक्कड घेऊनच येतात आणि पुरावा उचकटून टाकतात.

ते दीड तास होते. मेन बंद करून त्यांनी पॉवर पॉइंटचा बोर्ड भिंतीवरून सोडवला आणि मला बॅटरी धरायला सांगितली. आत पाहिलं तर जुनी ॲल्युमिनियमची एकेरी वायर, तिला पीळ देऊन जोडलेला तांब्याच्या वायरचा वीतभर तुकडा आणि त्यावर काळी टेप. टेप वितळून गुळाच्या पाकासारखी चिकट झाली होती. ती सोलल्यावर खालचा जोड पांढुरका दिसत होता आणि बोटाने हलवला तर हलत होता.

त्यांनी सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगते. फ्यूजबोर्डापासून निघालेली एकच लाइन आधी ओट्याच्या बोर्डात येत होती आणि तिथून पुढे गीझरला जात होती. म्हणजे गीझरची सगळी वीज ओट्यामागच्या त्या जोडातून जायची. ॲल्युमिनियमवर हवेने एक थर धरतो, तो वीज नीट जाऊ देत नाही. तांब्याशी नुसता पीळ देऊन जोडलं की तापून-निवून जोड हळूहळू सैल होतो, सैल झाला की जास्त तापतो आणि तापला की अजून सैल होतो. दोन किलोवॉटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो. तेवढ्यानेही तो जोड भिंतीत एखाद्या छोट्या इस्त्रीसारखा तापत होता. सॉकेट बदलून काही झालं नाही, कारण दुखणं सॉकेटच्या मागे होतं.

‘मग एमसीबी का पडला नाही?’ हा माझा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर ऐकून मात्र पोटात गोळा आला. एक तर एमसीबीला फक्त किती वीज जाते ते कळतं, जोड तापलाय हे कळत नाही. वीज मर्यादेत असेल तर जोड जळेपर्यंत तो गप्प बसतो. दुसरं म्हणजे त्या लाइनवर ३२ अँपिअरचा एमसीबी होता. ती वायर १.५ चौरस मिलिमीटरची, ॲल्युमिनियमची, जेमतेम दहा अँपिअरची. पूर्वी कधीतरी लहान एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणीतरी मोठा बसवून दिला होता. म्हणजे गीझर आणि इंडक्शन एकदम लावले तर वायर आधी जळणार आणि एमसीबी नंतर, जमलं तर, पडणार. तुमच्या बोर्डवरच्या एमसीबीवर सी १६, सी ३२ असा आकडा छापलेला असतो. एकदा वाचून घ्या आणि मागची वायर कितीची आहे ते जाणकाराला विचारा.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. थ्री-पिनचं वरचं मोठं भोक होतं, पण त्याच्या मागे वायरच नव्हती. वीज गळायला लागली की लाइन तोडणारा आरसीसीबीही नव्हता. मेगर नावाच्या यंत्राने त्यांनी लाइनचं इन्सुलेशन मोजलं, म्हणजे वीज कुठे गळते का ते पाहिलं. त्यासाठी आधी सगळी उपकरणं सोडवून ठेवावी लागतात, ती आम्ही ठेवली. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

त्यांना सोडायला खाली जाताना जिन्यात त्यांचं लक्ष आग विझवायच्या लाल सिलिंडरकडे गेलं. दोन आहेत, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. आम्ही तीन वर्षं त्यांना छत्री अडकवत होतो. दोन्हींच्या घड्याळातला काटा लाल पट्ट्यात, म्हणजे आत दाब नाही. एकाचं लेबल वाचता आलं, शेवटचं भरल्याची तारीख २०१६. दुसऱ्याच्या नळीच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. तोंड बुजलेला सिलिंडर दाबला असता तर काय झालं असतं, यावर आमचा तिथेच थोडा वेळ परिसंवाद झाला.

त्या दिवसापासून आम्ही पॉवरच्या लाइनचा एमसीबी खाली पाडून ठेवला. अंघोळीचं पाणी गॅसवर. सासूबाईंना याचं काहीच वाटलं नाही, उलट त्या म्हणाल्या की नळाचं गरम पाणी त्यांना नकोच असतं, हाताला मुंग्या येतात. त्यांना साखर आहे, डॉक्टरांनी पायांच्या मुंग्यांसाठी गोळी दिलेली आहे, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही.

आता पत्र. २४ तारखेला रात्री पहिला खर्डा लिहिला. दोन पानी, रागाने थरथरत. ‘आमच्या जिवाशी खेळ’, ‘आपला निष्काळजीपणा’, ‘कायदेशीर कारवाई’ असं सगळं त्यात होतं. नवऱ्याने वाचलं आणि विचारलं, ‘यात त्यांनी नक्की काय करायचंय?’ मी शोधलं तर खरंच कुठेच नव्हतं.

शिवाय मी कुठूनतरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम १४ शोधून काढलं होतं. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम, लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. मला वाटलं, हाती ब्रह्मास्त्रच लागलं. वकील मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, ‘अगं, ते भाडेकरूसाठी आहे. पागडीच्या, जुन्या भाड्याच्या घरांतल्या लोकांना त्याचा आधार मिळतो. तू लिव्ह अँड लायसन्सवर आहेस, कायद्याच्या भाषेत तू परवानगीने राहणारी. या कलमावर भिस्त ठेवून भाडं कापलंस तर थकबाकीदार तूच ठरशील. करार वाच आधी.’ करारात लिहिलं होतं: किरकोळ दुरुस्त्या राहणाऱ्याने करायच्या, मोठ्या मालकाने. वायरिंग कशात येतं ते लिहिलेलं नव्हतं. तेव्हा पत्राने दोन गोष्टी करायला हव्या होत्या: हे किरकोळ नाही हे दाखवायचं आणि काय करायचं ते नेमकं सांगायचं. पंधरा दिवस मी तरीही ठेवले, कलम म्हणून नाही, तर कामाला तेवढे लागतातच म्हणून.

शेवटी गेलेलं पत्र असं होतं. नावं-पत्ते काढले आहेत.

‘दि. २६ नोव्हेंबर २०२५

प्रति, श्री. (घरमालक) यांस
सप्रेम नमस्कार.

विषय: दुसऱ्या मजल्यावरील सदनिकेतील पॉवर लाइनची दुरुस्ती व जिन्यातील अग्निशामक सिलिंडर चालू स्थितीत मिळण्याबाबत.

दि. २ नोव्हेंबर रोजी स्वयंपाकघरातील पॉवर पॉइंट जळाल्याचे आपणास फोनवर कळवले होते. दि. ९ रोजी आपण पाठवलेल्या कारागिराने सॉकेट बदलले. दि. १९ रोजी तेच सॉकेट पुन्हा जळाले. त्याच दिवशी वीज कंपनीकडे तक्रार नोंदवली (क्रमांक सोबत), मीटरपर्यंत दोष आढळला नाही. दि. २२ रोजी परवानाधारक ठेकेदाराकडून तपासणी करून घेतली. त्यांचे टिपण व सहा छायाचित्रे सोबत जोडली आहेत. टिपणानुसार भिंतीतील जोड जळालेला आहे, वायरच्या क्षमतेपेक्षा एमसीबी मोठा आहे आणि अर्थिंग नाही. जिन्यातील दोन्ही सिलिंडरमध्ये दाब नाही.

विनंती अशी:
१. फ्यूजबोर्डापासून ओटा व गीझर यांसाठी तांब्याच्या दोन स्वतंत्र लाइन टाकाव्यात, त्यांना योग्य क्षमतेचे एमसीबी व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा.
२. अर्थिंग पूर्ववत करावे.
३. जिन्यातील सिलिंडर भरून अथवा बदलून द्यावेत व भरल्याची तारीख असलेले लेबल लावून घ्यावे.

तोपर्यंत पॉवर लाइन आम्ही बंद ठेवली आहे. आमच्या वापरातील कोणतेही उपकरण नादुरुस्त नाही. कामासाठी शनिवार-रविवार पूर्ण दिवस व इतर दिवशी संध्याकाळी सहानंतर घरी कोणीतरी असते. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम सुरू व्हावे, ही विनंती. काही वेगळे सुचवायचे असल्यास लेखी कळवावे.

आपली विश्वासू’

कलम नाही, धमकी नाही, एक पान.

२६ तारखेला दोन प्रती घेऊन कोथरूडला गेले. काकूंनी पोहे दिले. काकांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, ‘ठेवून जा. पोहोच म्हणून सही कशाला, आपण काय परके आहोत?’ पोहे खाल्ल्यावर सहीसाठी हट्ट धरणं मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच पत्र पोस्टाने पाठवलं. आपण ज्याला ‘रजिस्टर ए. डी.’ म्हणत आलो ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. आता काउंटरवर ‘स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशनसकट’ असं मागायचं आणि पोहोच मिळाल्याचा पुरावाही हवा असं सांगायचं, म्हणजे पत्र ज्याच्या नावाचं त्यालाच किंवा त्याने नेमलेल्या माणसालाच मिळतं. खर्च पन्नास रुपयांच्या आत. २९ तारखेला पोचल्याचं वेबसाइटवर दिसलं, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. पाकीट पाठवायच्या आधी मी काकूंना फोन करून ‘कागदोपत्री असावं म्हणून पाठवतेय, रागावू नका’ असंही सांगितलं होतं. ते सांगितलं नसतं तर पुढचं सगळं कडू झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

मग आठवडाभर काही नाही. थंडी पडायला लागलेली, गॅसवर तपेली, मुलाची शाळेची घाई. ६ डिसेंबरला काकांच्या मुलाचा फोन आला, हा दादा इमारतीचे व्यवहार बघतो. त्याचा सूर चढा होता. गीझर तुमचा, लोड तुमचा, मग वायर आमची कशी? आणि घरात फायर एक्स्टिंग्विशर कोण देतं? मी वाद न घालता टिपणातली दोन वाक्यं वाचून दाखवली आणि म्हटलं, दादा, एकदा येऊन बोर्ड उघडून बघा. तो १३ तारखेला आला. मी मेन बंद केला, बोर्ड सोडवला आणि ती वितळलेली टेप त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सगळ्याच घरांत असंच असणार.’

तिथे काम ठरलं. वायरिंग, एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग त्यांच्याकडे. वॉशिंग मशीनसाठी एक जास्तीचा पॉइंट मला हवा होता, तो माझ्या खर्चाने. माणूस कोणता, यावर थोडी ओढाताण झाली. ‘आपला माणूस’ नको, परवाना असलेला हवा, इतकंच मी धरून ठेवलं. तपासणीचे ८०० मी मागितले नाहीत. २५० मागितले, ते त्याने लगेच दिले.

२० आणि २१ डिसेंबरला काम झालं. भिंत न फोडता पट्टीतूनच नव्या वायरी ओढल्या, गीझरला चार चौरस मिलिमीटरची आणि ओट्याला अडीचची, दोन्हींवर १६ अँपिअरचे एमसीबी. मागच्या अंगणातला जुना अर्थिंगचा खड्डा सापडलाच नाही, त्यावर कुणीतरी फरशी घातली होती, म्हणून नवा घेतला. दादाचे वायरिंगला १३,८०० आणि अर्थिंगला ४,२०० गेले, माझे जास्तीच्या पॉइंटला १,१००. दिवे-पंख्यांच्या लाइनी अजून ॲल्युमिनियमच्याच आहेत. त्या करार वाढवताना बघू असं ठरलंय, आणि ते मी लेखी घेतलं आहे, मेसेजवर का होईना.

सिलिंडरवाला रविवारीच आला. एकाचा तळ गंजलेला होता, तो त्याने भरायला नकार दिला आणि ते बरोबरच होतं. दुसरा नळी बदलून ७०० रुपयांत भरला आणि बाद झालेल्याच्या जागी चार किलोचा नवा एबीसी पावडरचा १,९०० रुपयांना आला. ही पावडर विजेच्या आगीवर चालते. पाण्याच्या बादलीचा विचारही करायचा नाही, आणि जमलं तर आधी मेन पाडायचा. चार किलोची पावडर काही सेकंदांतच संपते, म्हणून पेटलेल्या बोर्डापुरती ती आहे, पेटलेल्या खोलीसाठी नाही. तेव्हा बाहेर पडायचं आणि १०१. काटा हिरव्यात आहे ना, हे महिन्यातून एकदा बघायचं काम मुलाने घेतलं आहे. छत्री आता दाराच्या खिळ्याला.

सोमवारी, २२ तारखेला सकाळी सव्वासहाला महिन्यानंतर प्रथमच गीझर लावला. खट्ट. आरसीसीबी पडला. वर केला, गीझर लावला, पुन्हा खट्ट. मी तावातावाने ठेकेदारांना फोन केला की हे काय काम केलंत. ते दहाला आले, गीझरची पिन काढून मेगर लावला आणि माझ्याकडे बघून हसले. वायरिंग व्यवस्थित होतं. गीझरचं एलिमेंट चिरलं होतं आणि वीज पाण्यात उतरत होती. आधी अर्थिंग नव्हतं आणि आरसीसीबीही नव्हता, त्यामुळे कुठे काही पडायचंच नाही, ती वीज नळापर्यंत यायची. मेगरच्या दिवशी गीझर सोडवून ठेवला होता, म्हणून तेव्हाही सापडलं नाही. गीझर आमचा. ‘कोणतेही उपकरण नादुरुस्त नाही’ हे वाक्य सहीनिशी माझं. एलिमेंटचे ६५० रुपये मी मुकाट्याने दिले आणि दुपारी दादाला फोन करून हेही सांगून टाकलं.

सासूबाई बाथरूमच्या दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. ‘दसऱ्यापासून सांगतेय,’ त्या म्हणाल्या, ‘नळाला हात लावला की मुंग्या येतात म्हणून.’